मुलीच्या एसओपीवर सरांनी ‘रन-ऑन’ आणि ‘फ्रॅग’ असं लाल पेनानं लिहून परत दिलंय. नेमकं काय दुरुस्त करायचं?

भट्टीवाला_शिरोली

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. मुलगी मेकॅनिकल झाली, आता इंग्लंडला मटेरिअल्समध्ये मास्टर्ससाठी अर्ज करतीय. त्यासाठी ५०० शब्दांत स्वतःबद्दल लिहून द्यायचंय. तिनं लिहिलं, कॉलेजातल्या सरांना दाखवलं. सरांनी पाच ठिकाणी ‘रन-ऑन’ आणि चार ठिकाणी ‘फ्रॅग’ लिहून कागद परत दिला आणि स्वतः लग्नाला गावी गेले. फोन लागत नाही.

पोरगी म्हणाली, वाक्यं लांब झालीत. म्हणून काल रात्री बसून सगळी तोडली. आता वाचलं की तार आल्यासारखं वाटतंय. मी दहावीला इंग्रजीत ३८ मार्क मिळवलेला माणूस, मी काय सांगणार. बारा दिवस हातात आहेत.

सुरुवातीचा मूळ भाग खाली देतोय. माझ्या फोनवर मराठी कीबोर्डच आहे, त्यामुळं इंग्रजी पण देवनागरीतच टाकतोय. सांभाळून घ्या.

«आय वॉज बॉर्न इन कोल्हापूर, माय फादर हॅज अ फाउंड्री इन शिरोली, आय यूज्ड टु गो देअर एव्हरी संडे. इन मान्सून मेनी कास्टिंग्ज वेअर रिजेक्टेड, दे हॅड ब्लोहोल्स, हाउएव्हर नोबडी न्यू व्हाय. बिकॉज द सँड वॉज टू वेट. विच मेड मी क्युरिअस अबाउट मटेरिअल्स. आय वेड द सँड, ड्राइड इट अँड वेड इट अगेन.»

कट_जादा

अण्णा, देवनागरीत इंग्रजी वाचून माझ्याच डोक्यात ब्लोहोल पडलं.

संजू_उचगाव

साधा नियम आहे. वीस शब्दांच्या वर वाक्य गेलं की ते रन-ऑन. मोजा आणि तोडा. आम्ही ऑफिसच्या ईमेलला हेच करतो. आणि ‘बिकॉज’नं वाक्य सुरू करायचं नाही, हे शाळेतच सांगितलेलं असतं.

मंगळवार_पेठ

माझ्या पुतण्याचं पण यंदाच आहे. तुम्ही एज्युकेशन लोन कुठल्या बँकेतून काढताय? तारण मागितलं का? आणि शिफारसपत्रं किती लागतात?

भट्टीवाला_शिरोली

@मंगळवार_पेठ, लोनचं अजून काही नाही. आधी हे नऊ लाल शेरे मिटवू द्या.

@संजू, तिनं हेच केलं की. तोडलं. म्हणून तर तार झाली.

तेरावी_गल्ली

मी राजारामपुरीत राहते. इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. संजू, तुमचा वीस शब्दांचा नियम ईमेलला ठीक असेल, पण रन-ऑनचा लांबीशी काही संबंध नाही. साठ शब्दांचं वाक्य बिनचूक असू शकतं आणि सहा शब्दांचं रन-ऑन असू शकतं. «इट रेन्ड, द सँड गॉट वेट.» मोजा, सहाच शब्द आहेत, तरी सर त्यावर लाल पेन चालवतील.

दोष असा की दोन पूर्ण वाक्यं एकमेकांना नुसती चिकटवलीत. मध्ये सांधा नाही. इंग्रजीत स्वल्पविरामाला दोन स्वतंत्र वाक्यं एकट्यानं धरून ठेवण्याची ताकद नाही असं मानतात. मराठीत आहे. «वडिलांची शिरोलीत फाउंड्री आहे, मी दर रविवारी जायचे» यात आपल्या कानाला काहीच खटकत नाही, आणि खटकायचं कारणही नाही, ते शुद्ध मराठी आहे. मुलीनं मराठीतलं वाक्य इंग्रजी शब्दांत लिहिलंय. म्हणून तिला ते स्वतःला दिसत नाही.

ओळखायची युक्ती सांगते. वाक्याचा हो-नाही प्रश्न करून बघायचा. «माय फादर हॅज अ फाउंड्री इन शिरोली, आय यूज्ड टु गो देअर.» याचा प्रश्न काय? «डज युवर फादर हॅव अ फाउंड्री?» झाला, पण रविवारचं जाणं बाहेरच राहिलं. त्यासाठी दुसरा प्रश्न करावा लागतो. दोन प्रश्न लागतात आणि मध्ये स्वल्पविरामाशिवाय काही नाही, म्हणजे ते रन-ऑन.

‘फ्रॅग’ म्हणजे याच्या उलट. अर्धं वाक्य पूर्णविराम देऊन उभं केलंय. त्यासाठी वाक्यापुढे «आय नो दॅट» लावून वाचा. «आय नो दॅट माय फादर रन्स अ फाउंड्री» नीट बसतं. «आय नो दॅट विच मेड मी क्युरिअस» कोसळतं.

खासबाग_पूर्व

बाई, आडवं लावतोय, राग नको. «आय नो दॅट बिकॉज द सँड वॉज टू वेट» हे नीट वाचता येतं की. ‘मला ते माहीत आहे, कारण रेती ओली होती.’ तुमच्या चाचणीत पास झालं.

तेरावी_गल्ली

बरोबर पकडलंत. चाळीस वर्षं हीच युक्ती सांगत आले आणि ‘बिकॉज’ला ती फसते हे वर्गात एकदाच एका मुलानं दाखवलं होतं. «इट इज ट्रू दॅट» लावा. «इट इज ट्रू दॅट बिकॉज द सँड वॉज टू वेट…» आणि पुढे? लोंबकळतंय ना, तेच फ्रॅगमेंट.

संजू, ‘बिकॉज’नं वाक्य सुरू करता येतं. «बिकॉज द सँड वॉज टू वेट, द कास्टिंग्ज हॅड ब्लोहोल्स.» कारणाच्या मागे परिणाम त्याच वाक्यात आलाय, म्हणजे ते पूर्ण. मुलं परिणाम विसरून पूर्णविराम देतात, म्हणून शाळेत सरसकट बंदी घालायची सोय झाली.

संजू_उचगाव

ठीक, ‘बिकॉज’ मागे घेतो. पण बाई, शेवटच्या वाक्यात तीन क्रियापदं आहेत. वेड, ड्राइड, वेड अगेन. मग ते पण रन-ऑनच झालं की.

तेरावी_गल्ली

नाही. ‘आय’ एकदाच आलाय आणि तिन्ही कामं त्याचीच आहेत. एका प्रश्नात मावतं: «डिड यू वे इट, ड्राय इट अँड वे इट अगेन?» क्रियापदं मोजू नका, कर्ता पुन्हा नव्यानं उभा राहतोय का ते बघा. स्वल्पविरामानंतर लगेच ‘आय’, ‘इट’, ‘दे’, ‘धिस’ दिसलं की थांबायचं.

पुलाची_शिरोली_ते_लीड्स

मी लीड्समध्ये शिकतोय. बाईंच्या शेवटच्या ओळीवरून माझी युक्ती. मी माझ्या एसओपीत डोळ्यांनी शोधायचं सोडूनच दिलं होतं, कारण स्वतःचं लिहिलेलं वाचताना डोळा पुढं पळतो. वर्डमध्ये `Ctrl+F` दाबून हे एकेक शोधलं:

```
, I
, it
, they
, this
, however
, therefore
```

सापडलं ते सगळंच चूक नसतं. «व्हेन इट रेन्ड, आय वेड द सँड» यात पण `, I` येतं आणि ते बरोबर आहे, कारण पहिला तुकडा ‘व्हेन’नं बांधलाय. पण कुठं थांबून बघायचं ते कळतं. मला दोन पानांत अकरा सापडले, त्यातले सात खरे होते.

फ्रॅगमेंटसाठी शेवटच्या वाक्यापासून उलटं वाचत वर जायचं. सरळ वाचताना मागच्या वाक्याचा आधार मिळतो, म्हणून «विच मेड मी क्युरिअस» पूर्ण वाटतं. उलट्या क्रमानं ते एकटं समोर आलं की लगेच उघडं पडतं.

सागरमाळ_७७

माझ्या भाच्याचं सांगतो. अमेरिकेचा बॅचलर्सचा फॉर्म होता, तिथं निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा असते. सल्लागारानं पैसे घेऊन सगळे चुकीचे स्वल्पविराम काढले आणि त्या जागी अर्धविराम ठोकले. एका पानावर एकोणीस! वाचताना खड्ड्यातून गाडी चालल्यासारखं व्हायचं. चूक एकही नव्हती म्हणे.

तेरावी_गल्ली

एकोणीसपैकी एकही चूक नसेल असं वाटत नाही. ‘, बिकॉज’ एकदा तरी आलंच असेल. अर्धविरामाच्या दोन्ही बाजूला पूर्ण वाक्य लागतं. शिवाय तो इतकंच सांगतो की ‘ही दोन वाक्यं शेजारी आहेत’. का शेजारी आहेत ते सांगत नाही.

भट्टीवाले, आता तुमच्या परिच्छेदाकडे येते. मला एक प्रश्न पडलाय आणि तो व्याकरणाचा नाही. मुलगी म्हणते «नोबडी न्यू व्हाय», कोणालाच कारण माहीत नव्हतं. लगेच पुढं «बिकॉज द सँड वॉज टू वेट». कोणालाच माहीत नव्हतं, तर रेती ओली होती हे कोण सांगतंय? ते फ्रॅगमेंट कशाला जोडायचं हेच मला कळेना. तिथं खरं काय घडलं होतं?

भट्टीवाला_शिरोली

बाई, खरं सांगू का, ‘नोबडी न्यू’ हे खोटंच आहे. आमचे जुने मोल्डर मामा आहेत, ते मुठीत रेती दाबून बघतात आणि सांगतात, ‘आज पाणी जास्त हाय, माल जाणार.’ आणि जातो. ओल्या रेतीत तापलेलं लोखंड ओतलं की पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला जागा नसली की कास्टिंगात पोकळी धरते. हे भट्टीवर सगळ्यांना माहीत आहे.

पण मोजत कोणी नव्हतं. दोन वर्षांमागच्या पावसाळ्यात पोरीनं ते मनावर घेतलं. रोज सकाळी ५० ग्रॅम रेती वजन करायची, ओव्हनमध्ये पूर्ण सुकवायची, पुन्हा वजन करायचं. आमच्याकडं साडेतीन टक्क्यांच्या आसपास पाणी ठेवायचं ठरलेलं असतं. रिजेक्शन जास्त झालं त्या दिवशी ५० ग्रॅमचे साडेसत्तेचाळीस भरायचे. म्हणजे पाच टक्के. सहा आठवड्यांची वही अजून आहे.

खासबाग_पूर्व

अण्णा, ही वही एसओपीत कुठाय?

भट्टीवाला_शिरोली

शेवटच्या वाक्यात आहे की. ‘वेड द सँड, ड्राइड इट’.

तेरावी_गल्ली

तिथं ‘पाच टक्के’ नाही, ‘सहा आठवडे’ नाही, मामा नाहीत. म्हणून मी विचारलं. वाक्य तुटलेलं असतं तिथं बहुतेकदा हकीकतीतला एक दुवा सुटलेला असतो. तिनं पूर्णविराम काढून स्वल्पविराम टाकला असता तर व्याकरण सुटलं असतं आणि «कोणाला माहीत नव्हतं, कारण रेती ओली होती» असा वेडाच अर्थ निघाला असता.

आता एकेक घेऊ. पहिलं वाक्य: कोल्हापुरात जन्म झाला हे फॉर्ममध्ये आहेच, ते गेलं. उरलेल्या दोघांत कार्यकारणभाव नाही, साधी जोड आहे, म्हणून ‘अँड’ पुरे.

«माय फादर रन्स अ फाउंड्री इन शिरोली, अँड आय स्पेंट माय संडेज देअर.»

दुसऱ्यात कारण आहे. मग ते कारण म्हणूनच लिहायचं.

«एव्हरी मान्सून, मेनी कास्टिंग्ज वेअर रिजेक्टेड बिकॉज दे हॅड ब्लोहोल्स.»

तिसऱ्यात ‘हाउएव्हर’. आपल्याकडच्या मुलांचा सगळ्यात लाडका सापळा. ‘हाउएव्हर’ म्हणजे ‘पण’ असं पाठ केलेलं असतं, म्हणून ते ‘बट’सारखं मध्ये घालतात. ‘बट’ दोन वाक्यं जोडतो, ‘हाउएव्हर’ जोडत नाही. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो. ‘देअरफोर’चं तेच. इथं मी सरळ ‘बट’ घेईन, आणि खरी गोष्ट लिहीन.

«द मोल्डर्स ब्लेम्ड द वेट सँड, बट नोबडी हॅड मेझर्ड इट.»

आणि मग वही.

«फॉर सिक्स वीक्स आय वेड फिफ्टी ग्रॅम्स ऑफ सँड, ड्राइड इट, अँड वेड इट अगेन; ऑन द वर्स्ट डेज इट केम बॅक टू अँड अ हाफ ग्रॅम्स लाइटर.»

इथं अर्धविराम शोभतो, कारण दुसरं वाक्य पहिल्याचंच उत्तर आहे. पण पूर्ण निवेदनात एक-दोनच ठेवावेत, नाहीतर सागरमाळकरांच्या भाच्याचा रस्ता होतो.

«विच मेड मी क्युरिअस» मी काढूनच टाकेन. जी मुलगी सहा आठवडे रेती तोलते तिला ‘मी जिज्ञासू आहे’ असं वेगळं सांगायला लागत नाही.

कट_जादा

बाई, नाद खुळा. आमच्या वेळी तुम्ही असता तर मी दहावीला ३८च्या वर गेलो असतो. ३९ तरी.

सागरमाळ_७७

पण ‘आय केम, आय सॉ, आय कॉंकर्ड’ म्हणतात त्यात नुसते स्वल्पविरामच आहेत. सीझरला कोणी लाल पेन लावलं नाही.

तेरावी_गल्ली

सीझरनं लॅटिनमध्ये म्हटलं होतं, पण मुद्दा मान्य. तीन एकसारखी, चिमुकली वाक्यं ओळीनं आली तर इंग्रजीतही चालवून घेतात. तुमची वाक्यं तेवढी छोटी आणि एका साच्याची असली तर लिहा बिनधास्त.

पुलाची_शिरोली_ते_लीड्स

भीती होती की दुरुस्त करताना शब्द वाढतील. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम टाकला तर एकही शब्द वाढत नाही. ‘अँड’ टाकला तर एक वाढतो. बाईंच्या परिच्छेदात शब्द वाढलेत ते वहीमुळं, व्याकरणामुळं नाही.

मंगळवार_पेठ

पुतण्या म्हणतो आता इंग्लंडच्या फॉर्ममध्ये एक सलग निवेदन नसतंच, तीन प्रश्न असतात आणि सगळं मिळून ४००० कॅरेक्टर. ५०० शब्द कुठून आले?

पुलाची_शिरोली_ते_लीड्स

काका, ते बारावीनंतर बॅचलर्सला जाणाऱ्यांसाठी, युकॅसचं. २०२६च्या प्रवेशांपासून तसं झालंय, प्रत्येक उत्तराला किमान ३५० कॅरेक्टर, आणि स्पेसही मोजतात. मास्टर्सला विद्यापीठ स्वतःचा फॉर्म देतं, मर्यादाही त्याचीच. पुतण्या बॅचलर्सला जात असेल तर त्याचं बरोबर आहे.

मंगळवार_पेठ

हां, तो बॅचलर्सलाच चाललाय. धन्यवाद. लोनचं कोणाला माहीत असेल तर सांगा.

साडेतीन_टक्के

नमस्कार. मीच ती. पप्पांनी धागा दाखवला तेव्हा आधी मी चिडलो, मग सगळं वाचत बसलो. (बाहेरच्यांसाठी: कोल्हापुरात मुली पण ‘आलो-गेलो’च म्हणतात, हे रन-ऑन नाही.)

`Ctrl+F` केलं. उरलेल्या पानांत `, it` तीन आणि `, this` दोन सापडले, सरांच्या नजरेतूनही एक सुटला होता. आता माझं एक भांडण आहे. शेवट मी असा केलाय:

«आय कॅन टेल यू व्हेन द सँड इज टू वेट. नॉट यट व्हाय वन मोल्ड फेल्स अँड द नेक्स्ट वन, फ्रॉम द सेम सँड, डज नॉट.»

सरांनी दुसऱ्यावर ‘फ्रॅग’ लिहिलंय. मला माहीत आहे ते फ्रॅगमेंट आहे. मी मुद्दाम केलंय. ठेवू का?

खासबाग_पूर्व

ठेव. त्या दोन शब्दांवर मी थांबलो, म्हणजे काम झालं. जाहिरातीत, कादंबरीत सगळीकडं असतं.

तेरावी_गल्ली

मी ठेवणार नाही. वाचणाऱ्याला तू ओळखत नाहीस आणि ते मुद्दाम आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. बाकी पान निर्दोष असेल तर कदाचित कळेल. «आय कॅन टेल यू व्हेन द सँड इज टू वेट, बट आय कॅनॉट यट टेल यू व्हाय…» असं लिहिलं तर अर्थ तोच राहतो आणि धोका नाही. जोर थोडा कमी होतो, ते खरं.

पुलाची_शिरोली_ते_लीड्स

अमेरिकन बॅचलर्सच्या निबंधात मी ठेवलं असतं, तिथं गोष्टीसारखं लिहिलेलं चालतं. मटेरिअल्सच्या मास्टर्सला वाचणारा प्राध्यापक असतो. माझ्या विभागातल्या एका प्राध्यापकांना विचारलं, ते म्हणाले मला फरक पडत नाही, पण शेजारच्या खोलीतल्याला पडेल. आता बोला.

संजू_उचगाव

तुझं शेवटचं वाक्य वीसच्या आतच आहे, मी मोजलं. 🙂

साडेतीन_टक्के

दोन्ही लिहून ठेवलेत. अकरा दिवस आहेत, सर आले की बघतो. तोपर्यंत बाईंचं ‘बट’वालं फाइलमध्ये आहे आणि माझं मनात.

भट्टीवाला_शिरोली

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं मोल्डर मामांना ते वाक्य मराठीत सांगितलं, ‘मोल्डर्स ब्लेम्ड द वेट सँड’. मामा म्हणाले, ‘मी कशाला कुणावर ढकलतोय? मी कारण सांगितलं.’

तेरावी_गल्ली

मामांचं बरोबर आहे. ‘ब्लेम्ड’ काढा. «द मोल्डर्स न्यू द सँड वॉज वेट, बट नोबडी हॅड मेझर्ड इट.»

भट्टीवाला_शिरोली

बदललं. मामा विचारतात, रेतीचं वाक्य आहे तर त्यात मूठ का नाही.

साडेतीन_टक्के

घालतो मामा. ४८७ शब्द झालेत, १३ शिल्लक आहेत.